गच्चीवरच्या भाजीपाल्याचा गट सशुल्क करताना: सोयी, ठिकाण आणि महिन्याचे दीडशे रुपये

पुण्यात गच्चीवर, बाल्कनीत भाजीपाला लावणाऱ्या लोकांचा आमचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. मैत्रिणींच्या ओळखीतून सुरू झाला, पुण्याबाहेरही पसरला आणि वाढत वाढत व्हॉट्सअॅपच्या १,०२४ सभासदांच्या मर्यादेजवळ पोहोचला. गट मोठा झाल्याचा आनंद होता, पण पावसाळा आला की एक गोष्ट दर वर्षी डोळ्यांत खुपायची. जुलैत दिवसाला तीस-चाळीस फोटो यायचे, बहुतेकांत पिवळं पडलेलं पान आणि खाली एकच प्रश्न, "काय झालं असेल?" त्यावर चार जणांची चार उत्तरं. एक म्हणायचं निंबोळी तेल मारा, दुसरं ताक घाला, तिसरं पाणी कमी करा. विचारणारी व्यक्ती चारही करून बघायची आणि आठवड्याने झाड मेल्याचं कळवायची.

पिवळ्या पानाला एक उत्तर नसतं. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडलेलं असू शकतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असण्याचा संभव जास्त. भेंडीच्या शिराच पिवळ्या धमक झाल्या असतील तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो, त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकायचं. आणि सगळंच झाड मलूल होऊन पिवळं पडत असेल तर आधी कुंडीच्या तळाचं भोक तुंबलंय का ते बघायचं. हे नीट सांगायला कोणीतरी रोज वेळ द्यायला हवा, आणि ते कोणीतरी जाणकार हवं. गट सशुल्क करण्याचा विचार माझ्या मनात इथून आला. तज्ज्ञाचा वेळ विकत घ्यावा लागतो आणि तो फुकट गटाच्या भरवशावर घेता येत नाही.

सगळा गट सशुल्क करायचा नाही, हे मात्र मी पहिल्यांदा ठरवलं. जुना गट लोकांच्या देवाणघेवाणीवर उभा राहिला आहे. कोणी घरच्या वालाचं बी देतं, कोणी पुदिन्याच्या काड्या. तिथे जमलेलं शहाणपण सगळ्यांचं आहे, त्यावर मी दाराशी बसून पैसे घेणं मला पटणारं नव्हतं. तो गट आहे तसा मोफत ठेवायचा आणि ज्यांना जास्तीची सोबत हवी आहे त्यांच्यासाठी वेगळी सभासदी काढायची, असं ठरलं.

काय द्यायचं

पहिल्या यादीत मी दहा-बारा गोष्टी लिहिल्या होत्या: ध्वनिमुद्रित वर्ग, पीडीएफ पुस्तिका, महिन्याची स्पर्धा, रोपवाटिकेत सवलत, कोकोपीटची घाऊक खरेदी, प्रमाणपत्र, आणखी बरंच काही. मग वीसेक जणांना फोन केले. तुम्हाला काय हवं, असं विचारलंच नाही, कारण त्याला सगळे "सगळंच हवं" म्हणतात. मी दोनच गोष्टी विचारल्या: गेल्या हंगामात बागेवर कशाकशावर पैसे खर्च केले, आणि कुठलं झाड हातचं गेलं तेव्हा काय करत होतात.

उत्तरं फार सारखी निघाली. पैसे गेले होते माती, कुंड्या आणि बियाण्यांवर, आणि बियाण्यांतला बराच पैसा वाया गेला होता, कारण पेरणीची वेळ चुकली होती. डिसेंबरच्या थंडीत भेंडी पेरली होती, एप्रिलमध्ये पालक. आणि झाड हातचं गेलं तेव्हा बहुतेक जण कोणाच्या तरी उत्तराची वाट बघत होते. पुस्तिका नाही म्हणून कोणाचं झाड मेलं नव्हतं. लेखी माहिती नेटवर ढिगाने आहे आणि ती कोणी पैसे देऊन घेणार नाही, हे मला त्या फोनांमधून स्वच्छ कळलं.

म्हणून यादी तीन गोष्टींवर आणली. पहिली, फोटो टाकल्यापासून चोवीस तासांत जाणकाराचं उत्तर. कृषी महाविद्यालयातून वनस्पतिरोगशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्या ओळखीचे होते. ते रोज संध्याकाळी तासभर द्यायला तयार झाले. दुसरी, महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑनलाइन भेट, विषय एकच: या महिन्यात काय पेरायचं, काय काढायचं, कशावर नजर ठेवायची. तिसरी, हंगामाच्या सुरुवातीला घरपोच बियाणं. पावसाळ्यासाठी भेंडी, गवार, दोडका, वाल. हिवाळ्यासाठी टोमॅटो, वांगी, मेथी, पालक. उन्हाळ्यासाठी काकडी, चवळी, लाल माठ. बियाणं हातात पडलं की पेरणी वेळेवर होते, हा त्यामागचा खरा हेतू.

बियाण्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागली आणि असा गट चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी. बियाणं विकण्याचा व्यवसाय करायला बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे परवाना लागतो. शुल्क घेऊन त्याबदल्यात बियाणं द्यायचं म्हणजे आपण त्या सीमेच्या फार जवळ जातो. मोठं पाकीट आणून घरी छोट्या पुड्या बांधायचा मोह होतो, कारण ते खूप स्वस्त पडतं. पण पुडीवर जात, उगवणशक्ती, मुदत काहीच उरत नाही आणि बी उगवलं नाही तर सभासदाने कोणाला विचारायचं हेही उरत नाही. एका सनदी लेखापालांशी आणि परवानाधारक विक्रेत्याशी बोलून आम्ही असं ठरवलं की विक्रेत्याकडची सीलबंद, लेबल असलेली परसबागेची छोटी पाकिटंच घ्यायची, सभासदाच्या नावाची यादी त्यांना द्यायची आणि त्यांनीच बिल करून टपालाने पाठवायची. सभासदांचं घरचं गावरान बियाणं मात्र पूर्वीसारखं मोफत गटात आपापसांत फिरतं, त्याचा शुल्काशी काही संबंध ठेवला नाही.

कोकोपीटची घाऊक खरेदी खूप जणांना हवी होती, ती मी ठेवली नाही. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे माणशी दोन-तीन विटा लागतात. त्या उतरवून घ्यायला जागा हवी, वाटायला माणूस हवा, आणि नागपूर-बेंगळुरूच्या सभासदांना त्याचा काडीचा उपयोग नाही. ज्या सोयीचा फायदा फक्त एका शहराला होतो ती सगळ्यांच्या शुल्कातून चालवणं मला अन्यायाचं वाटतं. पुण्यातले काही जण आता स्वतःच एकत्र येऊन विटा मागवतात आणि ते छान चालतं.

एक प्रश्न मला सगळ्यात कठीण वाटला. आमच्या गटात एक काकू आहेत, पंचवीस वर्षं गच्चीवर भाजी लावतात. मोफत गटात निम्मी बरोबर उत्तरं त्यांचीच असायची. त्या सशुल्क गटात आल्या तर त्यांच्याकडून पैसे घ्यायचे का? त्यांची उत्तरं ही जर इतरांसाठी सोय ठरणार असतील, तर त्यांच्या श्रमावर मी शुल्क घेते असा त्याचा अर्थ होतो. मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले. शेवटी असं ठरलं की ज्या सभासद नियमित उत्तरं देतात त्यांना शुल्क माफ, बियाणं मिळणार, आणि रविवारच्या भेटीत त्या बोलल्या तर त्या भेटीचं मानधनही. अशा चार जणी आहेत. हा खर्च हिशेबात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे, कारण जुन्या जाणत्या व्यक्ती दुखावून बाहेर पडल्या तर सशुल्क गटात नुसते प्रश्न उरतात.

कुठे भेटायचं

ठिकाण निवडताना मी तीन पर्याय खरोखर वापरून पाहिले. एक स्वतंत्र सभासदी-अॅप, एक टेलिग्राम, आणि एक व्हॉट्सअॅपच.

स्वतंत्र अॅप दिसायला सगळ्यात सुबक होतं. शुल्क, वर्ग, प्रश्नोत्तरं सगळं एका जागी. पण चाचणीसाठी घेतलेल्या पंधरा जणांपैकी दहाव्या दिवशी ते उघडणारे तिघे उरले. आमचे निम्म्याहून जास्त सभासद पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांना नवं अॅप शिकता येत नाही असं अजिबात नाही, पण सकाळी गच्चीवर झाडाजवळ उभं राहून फोटो काढला की तो जिथे पटकन जातो तिथेच ते जाणार.

टेलिग्राममध्ये दोन गोष्टी मला फार आवडल्या. गटात विषयवार कप्पे करता येतात, म्हणजे टोमॅटोचे प्रश्न एकीकडे, कीड दुसरीकडे, आणि नव्याने आलेल्याला जुनं सगळं वाचता येतं. शिवाय फोन नंबर लपवता येतो. ही दुसरी गोष्ट लहान नाही. अनेक सभासद बायकांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की शंभर अनोळखी लोकांना आपला नंबर दिसावा हे त्यांना नको आहे. तरीही टेलिग्रामवर यायला लोक तयार नव्हते, कारण बाकी सगळं आयुष्य व्हॉट्सअॅपवर.

शेवटी व्हॉट्सअॅपची कम्युनिटी केली. तिच्यातल्या घोषणा-गटात फक्त चालक लिहू शकतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. त्यामुळे ज्यांना नंबर द्यायचा नाही त्यांनी तिथेच राहायचं आणि प्रश्न थेट गटाच्या वेगळ्या नंबरवर पाठवायचा. ज्यांना गप्पा हव्यात त्यांच्यासाठी खाली छोटे गट: गच्ची, बाल्कनी, आणि कोकण-मुंबई. हे वाटप अंदाजाने केलेलं नाही. मुंबईच्या ग्रिलच्या खिडकीत तीन तास ऊन येतं, तिथे पुण्याच्या उघड्या गच्चीचा सल्ला लागू पडत नाही. तिथे पालेभाजी, पुदिना, ओवा, मिरची यांच्यावर बोलायला हवं, टोमॅटोवर नाही. आणि कोकणातल्या पावसात कुंडी उघडी ठेवली तर माती धुऊन जाते, तेव्हा नागपूरच्या सभासदाची चिंता अगदी वेगळी असते.

व्हॉट्सअॅपचा मोठा दोष म्हणजे उत्तरं वाहून जातात. जुलैत दिलेलं उत्तर ऑगस्टमध्ये सापडत नाही. त्यासाठी एक मदतनीस ताई रोज प्रश्न आणि सरांचं उत्तर एका गुगल शीटमध्ये टाकतात: पीक, लक्षण, कारण, उपाय, महिना, फोटोचा दुवा. वर्षभरानंतर आज ती शीट ही आमची सगळ्यात मोलाची वस्तू आहे. नव्या सभासदाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा त्यात आधीच असतो.

प्रश्न विचारण्याचीही रीत ठरवली. तीन फोटो: पूर्ण झाड कुंडीसकट, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. सोबत पेरणीची तारीख आणि पाणी किती वेळा घालता ते. खालच्या बाजूचा फोटो सुरुवातीला कोणीच पाठवत नसे. लाल कोळी, पांढरी माशी, मावा हे सगळे तिथेच बसलेले असतात, वरून फक्त फिकट ठिपके दिसतात. हा नियम पाळला जाऊ लागल्यावर सरांना उलट प्रश्न विचारावे लागेनात आणि तासाभरात दुप्पट उत्तरं होऊ लागली. म्हणजे नियमाने सरांचा वेळ वाचला आणि त्याच मानधनात जास्त सभासद सामावता आले. शुल्काचा विचार करताना हे फार उपयोगी पडलं.

किती घ्यायचे

शुल्क ठरवताना बहुतेक जण इतर लोक किती घेतात ते बघतात. मी आधी खर्च मांडला. दर महिन्याला ठरलेला खर्च असा: सरांचं मानधन ४,००० रुपये, मदतनीस ताईंचे ३,०००, ऑनलाइन भेटीची सशुल्क योजना, साठवणुकीची जागा आणि गटाचा वेगळा नंबर यांचे मिळून साधारण १,०००. एकूण ८,०००. ऑनलाइन भेट मोफतही घेता येते, पण गुगल मीटची मोफत गटभेट साठ मिनिटांनी आणि झूमची चाळीस मिनिटांनी बंद होते. आमची भेट प्रश्नोत्तरांसह दीड तास चालते आणि मध्येच तुटली की लोक परत येत नाहीत.

यानंतर प्रत्येक सभासदामागचा खर्च. बियाण्याचं पाकीट टपालासह साधारण ९० रुपये, वर्षात तीनदा, म्हणजे महिन्याला साडेबावीस. पैसे गोळा करणाऱ्या सेवेचं शुल्क दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभराला दोन रुपये छत्तीस पैसे.

आता तीन आकडे ताडून पाहिले. महिन्याला ९९ रुपये घेतले तर हे दोन खर्च जाऊन माणशी ७४ रुपये उरतात आणि ८,००० भागवायला १०८ सभासद लागतात. १५० घेतले तर १२४ उरतात, ६५ सभासद पुरतात. २४९ घेतले तर २२० उरतात, ३७ मध्ये भागतं. यात माझ्या वेळेचे पैसे नाहीत. ते महिन्याला ५,००० धरले, आणि मला वाटतं धरलेच पाहिजेत, तर १५० रुपयांना १०५ सभासद हवेत, ९९ ला १७६. चालवणाऱ्याच्या श्रमाची किंमत शून्य धरून बसवलेलं शुल्क दुसऱ्या वर्षी टिकत नाही, कारण त्या माणसाचा उत्साह आटतो आणि मग शुल्क अचानक दुप्पट करावं लागतं.

९९ चा मोह खूप होता. पण १७६ सभासदांना सरांच्या एका तासात चोवीस तासांच्या आत उत्तर देता येत नाही. पावसाळ्यात दहा सभासदांमागे दिवसाला एक प्रश्न येतो असा आमचा अनुभव आहे. १७६ म्हणजे रोजचे सतरा-अठरा प्रश्न, सरांच्या तासात दहा-बाराच होतात. म्हणजे दुसरा जाणकार घ्यावा लागणार आणि ठरलेला खर्चच वाढणार. स्वस्त शुल्काला जेवढी माणसं लागतात तेवढ्यांना ती मुख्य सोय देणंच शक्य नाही. हे कागदावर दिसल्यावर ९९ चा विषय संपला. २४९ ला माणसं कमी लागतात, पण घरच्या भाजीच्या छंदावर वर्षाला तीन हजार खर्च करणारे लोक आमच्या गटात थोडे, आणि मला हा गट पगारदार आणि निवृत्त लोकांसाठी खुला ठेवायचा होता. म्हणून १५०.

लोक देतील का हे बघायला मोफत गटात मतचाचणी घेतली. २१२ जणांनी "हो" केलं. त्यावर विसंबून राहिले नाही. लगेच जाहीर केलं की पहिल्या तीन महिन्यांचे ४५० रुपये आगाऊ भरा, साठ सभासद जमले नाहीत तर सगळ्यांचे पैसे परत. ७४ जणांनी भरले. मतचाचणीतल्या तिघांमागे साधारण एक. या ७४ वर ८,००० भागत होते आणि माझ्यासाठी थोडे उरत होते, म्हणून सुरुवात केली. आगाऊ पैसे मागितल्याशिवाय कोणीही सरांसारख्या माणसाला मानधनाचा शब्द देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दर महिन्याला पैसे येणं

तीन महिने झाल्यावर यूपीआय ऑटोपे सुरू केलं. सभासदाने एकदाच पिन टाकून परवानगी द्यायची, पुढे दर महिन्याला पैसे आपोआप वळते होतात. नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सभासदाला सूचना जाते आणि परवानगी कधीही त्याच्याच अॅपमधून थांबवता येते. हे मी रविवारच्या भेटीत पडद्यावर दाखवलं, थांबवायचं कसं हेही दाखवलं. थांबवता येतं हे कळल्यावरच अनेकांचा विश्वास बसला.

वसुलीची तारीख पाच ठेवली. पगार आणि निवृत्तिवेतन तोवर खात्यात आलेलं असतं. आधी ती एकोणतीस होती तेव्हा महिनाअखेरीच्या रिकाम्या खात्यांमुळे बरीच वसुली परत यायची. एका महिन्यात अकरा सभासद गळालेले दिसले. एकेकीला फोन केला तेव्हा कळलं की त्यातल्या सहा जणींनी सभासदी सोडलेलीच नव्हती, खात्यात पैसे नव्हते किंवा बँक बदलली होती. तेव्हापासून वसुली परत आली की सात दिवस कोणाला गटातून काढत नाही. तिसऱ्या दिवशी ताई व्यक्तिगत संदेश पाठवतात, साध्या क्यूआरने भरण्याची सोय देतात, आणि मगच सोडलं असं धरतात.

खरी गळती वेगळी असते आणि तिच्याकडे दर महिन्याला बघावं लागतं. शंभरातले आठ जण दर महिन्याला सोडून जात असतील तर नवे कोणी आले नाहीत असं धरल्यास वर्षाअखेर सदतीसच उरतात. चारच जात असतील तर एकसष्ट उरतात. म्हणजे नव्या जाहिरातीपेक्षा जाणारे निम्मे करणं जास्त मोलाचं.

आमच्याकडे लोक मार्चअखेरीपासून मेपर्यंत जायचे. कारण समजायला अवघड नव्हतं. गच्ची तापते, पाणीकपात होते, मुलांच्या सुट्ट्या, गावी जाणं. बाग रिकामी असते, मग दीडशे रुपये कशाचे? यावर दोन उपाय केले. एक, उन्हाळ्यालाच काम दिलं. एप्रिलची भेट पन्नास टक्के सावलीचं शेडनेट, आच्छादन आणि गावी जाताना ठिबक कसं लावायचं यावर. मेची भेट मातीवर: वापरलेलं मिश्रण चाळायचं, ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिना-दीड महिना तापवायचं म्हणजे त्यातली सूत्रकृमी आणि बुरशी कमी होते, मग कंपोस्ट आणि निंबोळी पेंड मिसळून जूनसाठी तयार ठेवायचं. ज्यांनी मेमध्ये हे केलं ते जूनमध्ये सोडून जात नाहीत, कारण त्यांची माती तयार असते आणि बियाण्याचं पाकीट येणार असतं.

दुसरा उपाय शुल्काचा. महिन्याच्या १५० बरोबर हंगामाचे ५४० ठेवले, चार महिन्यांसाठी. जून ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते जानेवारी, फेब्रुवारी ते मे. ऑटोपे नको असणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी तर हाच आनंदाने घेतला, एकदा क्यूआरने भरले की झालं. हिशेबात पाहिलं तर पाकिटाचे ९० वजा जाऊन चार महिन्यांत ४५० उरतात, म्हणजे महिन्याला एकशे साडेबारा, दीडशेच्या सभासदामागे उरणाऱ्या १२४ पेक्षा साडेअकरा रुपये कमी. पण ती व्यक्ती चारही महिने राहते आणि एक पीक पूर्ण काढते. भेंडीला पेरल्यापासून पहिली तोडणी यायला दीड-दोन महिने लागतात. महिन्याभरात सोडणाऱ्याने काही काढलेलंच नसतं, त्यामुळे त्याला सभासदीचा उपयोग झाला असं वाटणंही शक्य नसतं.

बियाण्याच्या पाकिटाचाही नियम यातूनच आला. महिन्याचा सभासद जूनमध्ये आला, पाकीट घेतलं आणि जुलैत सोडून गेला, तर १५० मधून ९० पाकिटाचे गेले. असे थोडे लोक पहिल्या पावसाळ्यात आले. आता हंगामाच्या सभासदाला पाकीट लगेच जातं, महिन्याच्या सभासदाला दुसरी वसुली झाल्यावर. हे आधीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे, त्यामुळे कोणाचा राग आला नाही. परताव्याचा नियमही लिहिलेला आहे: हंगामाचे पैसे भरून मध्येच सोडलं तर न वापरलेल्या महिन्यांचे पैसे परत, पाकीट गेलं असेल तर त्याचे ९० वजा.

परदेशातून दोन-तीन मराठी कुटुंबांनी सभासदी मागितली. त्यांना बियाणं पाठवत नाही, कारण अमेरिकेसारख्या देशात बियाणं नेण्याचे वनस्पती-आरोग्याचे कडक नियम आहेत आणि आपण टाकलेल्या पाकिटामुळे त्यांना त्रास होऊ शकतो. त्यांच्या शुल्कातून बियाण्याचे पैसे कमी केले आणि त्यांच्या हवामानाचं उत्तर सर देऊ शकतील याची हमी देत नाही, हेही सांगितलं.

जमाखर्च दर महिन्याच्या दहा तारखेला घोषणा-गटात टाकते: किती जमले, सरांना किती, ताईंना किती, टपालाला किती, मला किती. यासाठी बँकेत वेगळं खातं आहे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे, आमची उलाढाल त्याच्या आसपासही नाही, पण हे उत्पन्न माझ्या आयकर विवरणपत्रात जातं आणि तेही सभासदांना माहीत आहे. मला किती मिळतात हे उघड केल्यावर "पैसे कमावायला काढलंय" हे बोलणं हळूहळू थांबलं. उलट एका काकांनी हिशेब वाचून विचारलं की सरांचं मानधन कमी नाही का?

ते खरंच कमी आहे. आता ११८ सभासद आहेत आणि पावसाळ्यात सरांचा तास दीड तासावर जातो. येत्या जूनपासून त्यांचं मानधन ६,००० करायचं आहे, म्हणून नव्या सभासदांसाठी शुल्क १८० होणार. सध्याच्या सभासदांना सप्टेंबरअखेरपर्यंत १५० च राहील. यूपीआय ऑटोपेवर ठरलेल्या कमाल रकमेपेक्षा जास्त कापता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच परवानगीची मर्यादा ३०० ठेवून घेतली होती. ती का ठेवली हे तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि वाढीची सूचना तीन महिने आधी, म्हणजे मार्चच्या भेटीत, हिशेबासकट द्यायची आहे.